आधी खोली, मग कागद, शेवटी पैसे

पुण्यात राहणाऱ्या माणसाला दोन हंगामांत एकच प्रश्न ऐकावा लागतो. जून-जुलैत कॉलेजं उघडतात तेव्हा आणि दिवाळीनंतर नव्या नोकऱ्या लागतात तेव्हा. "तुमच्या बाजूला एखादी खोली आहे का हो?" विचारणारा कधी गावाकडचा असतो, कधी ऑफिसातल्या कुणाचा भाचा. आपलं उत्तरही ठरलेलं असतं. "बघतो" म्हणायचं, नाहीतर फोनमध्ये पडून असलेला एखाद्या एजंटचा नंबर पुढे ढकलायचा. हे दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा वाईट, कारण नंबर आपल्याकडून आला म्हणून समोरचा एजंटवर विश्वास ठेवतो, आणि आपण त्या एजंटला आयुष्यात कधी भेटलेलो नसतो.

आमच्या शेजाऱ्यांची भाची श्रीगोंद्याहून यायची होती. नळ स्टॉपजवळच्या एका ऑफिसात तिला काम लागलं होतं. तिने फोनवर विचारलं, "काका, कर्वे रोडला सात-आठ हजारांत काही मिळेल का?" या प्रश्नाला सरळ पत्ता देऊन भागत नाही. सात-आठ हजार म्हणजे एकटीचे की वाटणीचे? स्वयंपाक करणार की डबा लावणार? ऑफिस किती वाजता सुटतं? शनिवारी-रविवारी गावी जाणार का? या चार प्रश्नांनी निम्मी पुणेनगरी गाळली जाते. तिचं ऑफिस रात्री आठला सुटणार होतं, स्वयंपाकाची हौस होती आणि वाटणीला मैत्रीण तयार होती. म्हणजे पेठांमधली कॉट बेसिसची जागा बाद. हिंजवडी-वाकडचा तर विचारच नको, कारण तिथून कर्वे रोडला रोजचे दोन-अडीच तास रस्त्यावर जातात. उरला कोथरूडचा पट्टा. वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी ही मेट्रोची स्टेशनं नळ स्टॉपच्याच मार्गावर आहेत, त्यामुळे कर्वे रोडच्या भाड्याऐवजी दोन स्टेशनं मागे जाऊन तेवढ्याच पैशांत मोठी जागा शोधता येते. खोली शोधताना नकाशावरचे किलोमीटर फसवतात. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत किती मिनिटं आणि रात्री परतताना शेवटच्या टप्प्यात दिवे आहेत का, एवढंच मोजावं.

पहिल्या दोन दिवसांतच तिला एक 'सोन्याची संधी' सापडली. नळ स्टॉपपासून चालत पाच मिनिटांवर वन बीएचके, सगळं फर्निचर, भाडं सात हजार. फोटो झकास. मालक निमलष्करी दलात, बदली राजस्थानात, कुटुंबही तिकडेच. त्याने मागायच्या आधीच स्वतःचं ओळखपत्र आणि आधार कार्ड पाठवून दिलं. जागा बघायची तर सोसायटीचा गेटपास लागतो, त्याचे अडीच हजार आधी भरायचे, बघून झाल्यावर परत. सोबत एक क्यूआर कोड.

हा प्रकार इतका जुना झाला आहे की त्याचा साचाच बनला आहे, आणि तरीही तो चालतो. कारण त्यातली प्रत्येक गोष्ट एकेका शंकेला आधीच उत्तर देऊन ठेवते. स्वस्त का? तर मालकाला पैशाची पर्वा नाही, घर नीट राहावं एवढीच इच्छा. भेटत का नाही? तर देशसेवेत आहे. भरवसा कसा ठेवायचा? तर हे बघा ओळखपत्र. ते ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कुणाचं, अशाच एखाद्या फसलेल्या माणसाने विश्वासाने पाठवलेलं असतं. वर्दीवर आपल्या लोकांचा जो विश्वास आहे, तोच इथे भांडवल म्हणून वापरला जातो.

ओळखायचं कसं? भाडं त्या गल्लीतल्या दरापेक्षा खूपच कमी असलं की तिथेच थांबावं. त्याच इमारतीतल्या वॉचमनला किंवा समोरच्या किराणावाल्याला दर विचारला तर दोन मिनिटांत कळतो. फोटो नीट बघावेत, कारण अनेकदा ते दुसऱ्याच शहरातले असतात आणि खिडक्यांच्या जाळ्या, स्विचबोर्ड, बाहेर दिसणारी झाडं जुळत नाहीत. पण सर्वांत खात्रीची खूण पैशाच्या दिशेची. जागा बघण्यासाठी कुठलीही सोसायटी पैसे घेत नाही. आणि 'तुमचे अडीच हजार परत पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असं कुणी म्हटलं, तर तो फोन तिथेच ठेवावा. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गेलेच, तर लाजून दोन दिवस गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तासाभरात तक्रार नोंदवली तर पैसे पुढच्या खात्यात थोपवता येण्याची शक्यता असते. उद्यावर ढकललं तर ती झपाट्याने कमी होते.

याच जातीची दुसरी सौम्य फसवणूक म्हणजे 'मालकांच्या नंबरांची यादी'. हजार-दीड हजार नोंदणी भरा, थेट मालकांचे वीस नंबर देतो. नंबर येतात, पण त्यातल्या निम्म्या जागा दोन वर्षांपूर्वीच गेलेल्या असतात. दलाली द्यायला हरकत नाही, पण ती किल्ली हातात आल्यावर. पुण्यात साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागतात, घासाघीस केली तर पंधरा दिवसांवर येतात.

म्हणून सगळ्या सल्ल्यांत मी एकच गोष्ट आधी सांगतो, ती क्रमाची. आधी डोळ्यांनी खोली बघायची, मग मालकीचे आणि कराराचे कागद, आणि सर्वांत शेवटी पैसे. भाड्याच्या व्यवहारात बुडालेले लोक बहुतेक वेळा भोळे नसतात, त्यांना घाई झालेली असते. "आज तीन जण बघून गेलेत, टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी थांबवतो," हे वाक्य ऐकलं की हा क्रम उलटा होतो. खरोखरच टोकन द्यावं लागलं तर मालकाला समोरासमोर भेटून, त्याच्या स्वतःच्या खात्यावर, आणि 'अमुक फ्लॅटच्या भाड्यासाठी टोकन, करार न झाल्यास इतक्या दिवसांत परत' एवढा मजकूर त्याच्याकडून लिहून घेऊनच. रक्कम हजार-दोन हजारांपुढे नको.

भाचीने मग आयडियल कॉलनीजवळ एक वन आरके बघितलं. भाडं बारा हजार, डिपॉझिट तीस हजार, दोघींत वाटून. सकाळी अकरा वाजता बघितलं तेव्हा आवडलं. मी तिला संध्याकाळी साडेसातला पुन्हा पाठवलं. सकाळी अकराला पुण्यातली प्रत्येक खोली छान असते. संध्याकाळी कळतं की खालच्या दुकानासमोर कोण उभं राहतं, जिन्यात दिवा लागतो का, नळाला धार किती आहे, मोबाइलला रेंज आहे का, आणि वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास आहे का. पाण्याचं मालकाला विचारू नये, वॉचमनला विचारावं. 'पाणी भरपूर आहे' आणि 'उन्हाळ्यात रोज टँकर येतो' ही दोन्ही उत्तरं एकाच इमारतीबद्दल मिळू शकतात, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समधून कुणाच्या माथी येतात, तो पुढचा प्रश्न.

समोर उभा असलेला माणूस खरंच मालक आहे का, हे विचारायला आपल्याकडे फार संकोच वाटतो. वयाने मोठा माणूस, चहा पाजतोय, त्याला कागद कसे मागायचे? पण तीस हजार रुपये देणाऱ्याला तो हक्क आहे, आणि भला मालक रागावत नाही. महावितरणचं ताजं बिल आणि महापालिकेच्या मिळकतकराची पावती, हे दोन कागद मागावेत. नावं जुळली नाहीत तर लगेच फसवणूकच आहे असं नाही. बिल वडिलांच्या नावावर असतं, कधी आधीच्या मालकाच्या नावावर तसंच चालू राहिलेलं असतं. अशा वेळी घर खरेदी केल्याचा 'इंडेक्स टू' दाखवायला सांगावा. खरेदीच्या दस्ताचा हा सारांश नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही शोधता येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला एक फोन केला तरी बरंच काम होतं. मालक परदेशात असेल आणि त्याचा भाऊ किंवा सासरे सही करणार असतील, तर कुलमुखत्यारपत्र बघायचं आणि त्यात भाड्याने देण्याचा अधिकार लिहिलेला आहे का ते वाचायचं. पुण्यात अशी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यात विचित्र काही नाही. विचित्र प्रकार वेगळा असतो. स्वतःच भाड्याने राहणारा एखादा मुलगा मालक असल्याच्या थाटात एक खोली पुढे देतो, डिपॉझिट घेतो आणि चार महिन्यांनी निघून जातो. मूळ मालक दारात उभा राहतो तेव्हा आत राहणाऱ्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नसतो.

कागदाचा विषय निघाला की अकरा महिन्यांचा करार येतोच. हा आकडा पंचांगातून आलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून एक महिना कमी करून ती टाळायची रीत पडली. त्याला आपल्याकडे आणखी एका भीतीची जोड मिळाली. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला इतकं संरक्षण दिलं की मालक त्याला 'भाडेकरू' म्हणायलाच घाबरू लागले. त्यांनी 'लीव्ह अँड लायसन्स' हा मार्ग काढला. यात घराचा ताबा द्यायचा नाही, फक्त राहायची परवानगी द्यायची. पण १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून 'घर दिलं की गेलं' हे वाक्य महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या मनात जाऊन बसलं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वीस वर्षं दुसरा फ्लॅट कुलूपबंद ठेवून होते, दर रविवारी जाऊन झाडून यायचे.

आज ही भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, म्हणजे १९९९ च्या कायद्यात, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला काढण्यासाठी वेगळी, त्या मानाने जलद तरतूद आहे, आणि बेकायदा राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडंही मागता येतं. त्या बदल्यात कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर एक जबाबदारी टाकली. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. म्हणजे अकरा महिन्यांची युक्ती महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सला लागूच पडत नाही, तरी सवयीने चालत राहिली आहे. करार नोंदवून घेणं मालकाचं काम. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि राहणाऱ्याला माहीत हवी अशी गोष्ट पुढेच आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलटं सिद्ध करत नाही. त्यामुळे 'स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, खर्च कशाला' असं मालक म्हणतो तेव्हा तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. हे त्याला नम्रपणे सांगावं. कित्येक मालक तेवढ्यावर ऐकतात.

काही ऐकत नाहीत. त्यामागे कधी भाड्याचं उत्पन्न लपवायचं असतं, कधी मिळकतकर. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात चाळीस टक्के सवलत आहे, आणि नोंदवलेला भाडेकरार म्हणजे घर दिलं असल्याचा पुरावा. मालकाची अडचण समजून घ्यावी, पण तिचा भार आपल्या डोक्यावर घेऊ नये. नोंदवलेला करार नसला की गॅस जोडणी, बँकेतला पत्ता, ऑफिसात भाड्याची करसवलत, सगळीकडे अडतं, आणि डिपॉझिट दिल्याचा पुरावा फक्त आपल्या बोलण्यात उरतो.

खर्चाचा बाऊ करतात तितका तो नाही. भाचीच्या करारावरच हिशेब मांडू. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,००० रुपये. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज यात मिळवतात, ते तीस हजारांवर अकरा महिन्यांचं २,७५० रुपये. बेरीज १,३४,७५०. यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ३३७ रुपये, पूर्णांकात थोडे जास्त. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर ऑनलाइन दस्ताचं किरकोळ शुल्क. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे आणि साक्षीदारांचे ठसे आधारशी जुळवून घेतो आणि त्याची मजुरी वेगळी लावतो. मालक आणि राहणारा एकाच जागी असायची गरज नसते. दोन्ही बाजूंनी खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायची पुण्याची रीत आहे. एजंटने आकडा फुगवला की त्याच्याकडून सरकारी चलनाची प्रत मागावी. फुगा लगेच उतरतो.

म्हणजे राहायला जायच्या दिवशी किती लागले? डिपॉझिट तीस हजार, पहिलं भाडं बारा, दलाली बारा, कराराचा वाटा साधारण हजार. पंचावन्न हजार, माणशी साडेसत्तावीस. सात हजारांत खोली शोधणाऱ्या मुलीने गादी, बादली आणि कुकर धरून तीस-बत्तीस हजार हाताशी ठेवायला हवेत. हे तिला श्रीगोंद्यातच कळायला हवं होतं आणि बहुतेकांना ते पुण्यात आल्यावर कळतं. २०२१ साली केंद्राने काढलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच असावं असं म्हटलं आहे, पण तो राज्याने स्वीकारल्यावरच लागू होतो. आपल्याकडचा व्यवहार १९९९ च्या कायद्यावर आणि बाजाराच्या तोंडावर चालतो.

करार वाचताना सगळ्यांचं लक्ष भाड्याच्या आकड्यावर असतं. मी डिपॉझिटचं कलम आधी वाचतो. 'घर रिकामं केल्यानंतर परत करण्यात येईल' असं मोघम लिहिलेलं असतं. कधी, ते नसतं. तिथे 'ताबा परत देतेवेळी त्याच दिवशी' असे शब्द घालून घ्यावेत, आणि रंगाचे किती कापणार, तेही. मुदतीआधी सोडायचं तर किती दिवसांची नोटीस आणि लॉक-इन किती महिन्यांचं, हे दोन आकडे दोन्ही बाजूंना सारखे हवेत. लॉक-इन फक्त राहणाऱ्यावर आणि मालकाला हवं तेव्हा उठवायची मुभा, असे करार सर्रास दिसतात. आणि दोघी राहणार असतील तर दोघींची नावं करारात हवीत. एकीचंच नाव असलं तर दुसरी कायद्याने पाहुणी ठरते. नाव असलेली लग्न ठरून गावी गेली, की पाहुणीचं डिपॉझिट तिच्यामागे हिंडतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी. पुण्यात ती ऑनलाइन भरता येते. कोथरूड पुणे शहर पोलिसांकडे येतं, हिंजवडी-वाकड मात्र २०१८ पासून वेगळ्या झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, त्यामुळे अर्ज कुठे भरायचा ते पत्त्यावरून ठरतं. यासाठी ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. ती देताना प्रतीवर आडवं लिहावं, 'फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी', आणि तारीख टाकावी. मूळ आधार कार्ड एजंटच्या फाइलमध्ये ठेवून येऊ नये. जागा बघायच्या आधीच आधार मागणाऱ्याला तर ते देऊच नये. वरच्या त्या निमलष्करी मालकाकडे दुसऱ्याचं कार्ड आलं कुठून, ते आठवावं.

कॉट बेसिस आणि पीजीची गोष्ट वेगळी. सदाशिव-नारायण-शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं एका खोलीत चार-पाच कॉट टाकून राहतात आणि तिथे करार कुणी करत नाही. निदान डिपॉझिटची सहीची पावती आणि गेट बंद व्हायची वेळ एवढं तरी लेखी घ्यावं. भाडं ऑनलाइनच द्यावं, म्हणजे माग राहतो. अशा जागेत जिना एकच असतो आणि त्याच जिन्यात दुचाकी आणि वायरींचं जंजाळ असतं. पहिल्याच दिवशी गच्चीचं दार उघडं असतं का आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, ते बघून ठेवावं.

सुरक्षिततेचं म्हणून जे बोललं जातं त्यात चोर आणि छुपे कॅमेरे फार असतात. ते बघावंच, पण मला स्वतःला भाड्याच्या खोलीत सर्वांत जास्त भीती वाटते ती गॅस गीझरची. दर थंडीत महाराष्ट्रात कुठे ना कुठे न्हाणीघरात कुणीतरी बेशुद्ध सापडल्याची किंवा दगावल्याची बातमी येते. कारण साधं आहे. गीझरमधला गॅस जळताना हवेतला प्राणवायू वापरतो. न्हाणीघर लहान, दार बंद, थंडीमुळे खिडकीच्या काचा लावलेल्या. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळल्यावर जो वास येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, इथे तसली काही सूचना मिळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने या वायूला चिकटतं, त्यामुळे डोकं जड होणं, चक्कर, मळमळ असं वाटेपर्यंत पायांतलं त्राण गेलेलं असतं आणि कडी काढायला हात उचलत नाही.

म्हणून खोली बघताना न्हाणीघरात जाऊन गीझर कुठे आहे ते बघायचंच. तो ड्राय बाल्कनीत असेल आणि आत फक्त पाण्याची नळी येत असेल तर ठीक. आतच टांगलेला असेल तर तो बाहेर हलवून देण्याची अट घालावी, नाहीतर विजेचा मागावा. मालक 'इतकी वर्षं आम्हीच वापरतोय' म्हणेल. तो वापरत असताना खिडकी उघडी राहत असेल, किंवा आंघोळ दोन मिनिटांत उरकत असेल. ओळीने चार जणी आंघोळीला गेल्या की शेवटचीच्या वाट्याला सगळ्यांचा धूर येतो. ज्योत निळी हवी. ती पिवळी किंवा हलती दिसली तर गीझर त्याच दिवसापासून बंद. कुणी आतून उत्तर देईना, तर दार तोडायला संकोच करू नये. आधी गॅस बंद करावा, माणसाला उघड्यावर आणावं, १०८ ला फोन करावा, आणि डॉक्टरांना 'गॅस गीझर चालू होता' हे सांगायला विसरू नये. तेवढ्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते.

विजेचा गीझर असला तरी मुख्य बोर्डवर गळती झाल्यास वीज तोडणारं स्विच आहे का ते बघावं. त्यावर चाचणीचं छोटं बटण असतं, ते दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही तर वायरमन बोलवायचा, राहायला नंतर जायचं.

किल्ल्यांचं तर कुणी मनावरच घेत नाही. त्या खोलीत आपल्याआधी पाच-सहा भाडेकरू राहून गेलेले असतात, कामवाली, एजंट, मालकाचा पुतण्या, सगळ्यांकडे कधीतरी किल्ली गेलेली असते. मालकाला सांगून लॅचचं सिलिंडर नवीन बसवून घ्यावं. जुनं पिशवीत घालून ठेवावं आणि जाताना परत लावून द्यावं. आतून साखळी किंवा आडवा बोल्ट नसेल तर तोही बसवावा.

राहायला गेल्याच्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, रिकाम्या घराचा व्हिडिओ करावा. भिंतींची ओल, फुटलेली फरशी, नळाची गळती, पंख्याचा आवाज, सगळं त्यात यावं, आणि वीज मीटरच्या आकड्याचा फोटो. हे सगळं त्याच रात्री मालकाला पाठवावं, भांडणाच्या सुरात नव्हे, 'काका, आज ताबा घेतला, सध्या असं आहे' एवढ्याच शब्दांत. अकरा महिन्यांनी 'ही ओल तुमच्यामुळे आली' असं कुणी म्हटलं तर उत्तर फोनमध्येच सापडतं. काही घरांत महावितरणचं मीटर मालकाचं आणि भाडेकरूला सबमीटर असतं. तिथे युनिटचा दर काय लावणार ते करारात लिहावं, कारण सबमीटरवर मनमानी दर लावायची सवय जुनी आहे.

सोडताना नोटीस लेखी द्यावी. ती व्हॉट्सॲपवर दिली तर मालकाचं 'मिळाली' असं उत्तर येईपर्यंत ती दिली असं धरू नये. उत्तर आलंच नाही तर करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र धाडून पावती जपावी. 'नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो' हे मालकांचं आवडतं वाक्य आहे. त्याला उत्तर म्हणून पुष्कळ जण शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं देतच नाहीत, डिपॉझिटमधून वळतं करून घ्या म्हणतात. परस्पर असं केलं तर आपणच थकबाकीदार ठरतो, मालकाने लेखी होकार दिला तर मात्र हा मार्ग दोघांनाही सोयीचा. भाचीच्या बाबतीत तीस हजारांतून चोवीस हजार वळते करायचं मालकाने मान्य केलं, आणि उरलेल्या सहा हजारांतून रंगाचे करारात ठरलेले दोन हजार वजा होऊन चार हजार किल्ली देताना मिळाले. नळाची जुनी गळती मालकाने आधी दीड हजारांची लावली होती, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ बघितल्यावर ती सोडून दिली.